बढतीचे पत्र हातात, आणि दुसरीकडचा अर्जही चालू

गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहारातून घरी आलो, तो आमच्याच चाळीतील एक मुलगी वडिलांना घेऊन दारात उभी होती. "जयभीम काका, जरा एक कागद वाचून द्या," असे म्हणून तिने एक पाकीट पुढे केले. मुलगी बी. कॉम. झालेली, नवी मुंबईत मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीत साडेतीन वर्षांपासून हिशेबाचे काम करते. वडील महानगरपालिकेतून निवृत्त झालेले, धाकटा भाऊ अजून शिकतो आहे. घराचा गाडा बहुतेक तिच्याच पगारावर चालतो.

पाकिटात बढतीचे पत्र होते. आम्ही अभिनंदन केले, पण मुलीचा चेहरा काही खुलला नाही. कारण असे की, दोन महिन्यांपूर्वी तिने एका कन्सल्टन्सीमार्फत ठाण्याच्या एका औषध कंपनीत अर्ज केला होता. दोन मुलाखती झाल्या होत्या. शेवटची मुलाखत तेथील लेखा विभागाच्या प्रमुखांबरोबर येत्या गुरुवारी होती. ती नोकरी तिला मनापासून हवी होती, आणि नेमकी मधल्या शुक्रवारी साहेबांनी बोलावून बढतीचे पत्र हातात दिले.

वडील म्हणाले, "दादा, मी हिला सांगतोय, तोंड बंद ठेव. तिकडं कळलं तर म्हणतील, हिला आता आमची काय गरज? हातातोंडाशी आलेला घास जाईल." मुलगी म्हणाली, "आणि ऑफिसातली मैत्रीण म्हणते, आजच फोन कर, बढती मिळाली म्हणून सांग आणि सरळ सहा लाख माग. काका, दोघांपैकी कोणाचं ऐकू?"

वाचकहो, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत येतो, म्हणून त्याचा सविस्तर विचार येथे करीत आहोत. आमच्या पिढीला तो पडला नाही. सरकारी नोकरीतील माणूस दुसरीकडे अर्ज करतो तो योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या खात्यामार्फत. ना हरकत प्रमाणपत्र लागते. माणूस कोणत्या पदावर आहे, कोणत्या वेतनश्रेणीत आहे, हे कागदच बोलतात. खासगी नोकरीत तसे नाही. अर्ज चालू आहे हे सध्याच्या कंपनीला ठाऊक नसते, आणि बढती मिळाली हे नव्या कंपनीला कळण्याचा मार्ग नसतो. दोहोंमधला दुवा म्हणजे उमेदवार स्वतः. त्यामुळे काय सांगायचे, केव्हा आणि किती, हे त्यालाच ठरवावे लागते.

आम्ही प्रथम ते पत्र नीट वाचले. बढती म्हटली की लोक वरची ओळ वाचतात आणि पेढे आणायला जातात. खालच्या ओळीत काय लिहिले आहे ते वाचीत नाहीत. या पत्रात तीन गोष्टी बदलल्या होत्या. पहिली, हुद्दा. अकाउंट्स असिस्टंटची ती सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह झाली होती, पुढील महिन्याच्या एक तारखेपासून. दुसरी, पगार. वर्षाचा एकूण आकडा, ज्याला कंपन्या सी. टी. सी. म्हणतात, तो ३,८४,००० वरून ४,५६,००० झाला होता. तिसरी गोष्ट मुलीने पाहिलीच नव्हती. नव्या हुद्द्याला नोटीस पिरियड ६० दिवसांचा होता. आधी तो ३० दिवसांचा होता.

पगाराच्या आकड्यातही एक मेख होती. ४,५६,००० पैकी २४,००० रुपये हा वर्षअखेरीचा बोनस होता, आणि तो कंपनीचे उद्दिष्ट पूर्ण झाले तरच मिळणार होता. म्हणजे खात्रीचा पगार ४,३२,००० रुपये. जुन्या पगारात असा बोनस नव्हता. त्यामुळे वरकरणी वाढ ७२,००० ची दिसत असली, तरी खात्रीची वाढ ४८,००० ची, म्हणजे साडेबारा टक्के. मुलगी कन्सल्टन्सीला "माझा पगार आता साडेचार लाखांच्या वर आहे" असे सांगणार होती. तसे सांगितले असते आणि पुढे पत्राची प्रत मागितली गेली असती, तर तिचे बोलणे फुगवून सांगितल्यासारखे दिसले असते. म्हणून खात्रीचा आणि बिनखात्रीचा असे दोन्ही आकडे वेगवेगळे सांगावेत, हे आम्ही तिला पहिल्यांदा सांगितले.

मग आम्ही विचारले, "अर्ज करताना तू फॉर्ममध्ये काय लिहिले होतेस?" तिने मोबाईलवर फॉर्म दाखविला. सध्याचा हुद्दा असिस्टंट, सध्याचा पगार ३,८४,०००, अपेक्षित पगार ५,००,०००, रुजू होण्यास लागणारा अवधी ३० दिवस. आणि खाली, वरील माहिती खरी आहे, चुकीची आढळल्यास निवड रद्द होईल, अशा अर्थाचे वाक्य आणि तिचे नाव.

येथेच सारी गोष्ट आहे. तो फॉर्म भरला तेव्हा त्यातील प्रत्येक शब्द खरा होता. शुक्रवारी पत्र हातात पडले आणि त्यातील तीन उत्तरे शिळी झाली. खोटे कोणी बोलले नाही, पण आता गप्प राहिले तर ते खोट्याच्या जवळ जाते. हुद्दा आणि पगार लपवून फारसे साधत नाही, कारण रुजू होताना जुन्या कंपनीचे अनुभवाचे पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात, आणि काही कंपन्या तपासणी करणाऱ्या संस्थेमार्फत जुन्या ऑफिसात चौकशी करतात. त्यात शेवटचा हुद्दाच येतो. पण खरा घात करतो तो नोटीस पिरियड.

आमच्या ओळखीतील एका मुलाचे असेच झाले. त्यालाही मुलाखती चालू असताना बढती मिळाली. घरच्यांनी गप्प राहायला सांगितले, तो गप्प राहिला. नव्या कंपनीने जुन्याच पगारावर हिशेब करून ऑफर लेटर दिले आणि ३० दिवसांनी रुजू होण्याची तारीख टाकली. त्याने राजीनामा दिला तेव्हा जुन्या कंपनीने बढतीचे पत्र पुढे ठेवले. ६० दिवस भरा, नाही तर उरलेल्या ३० दिवसांचा पगार भरा, तोपर्यंत रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही. नवी कंपनी म्हणाली, तुम्हीच ३० दिवस लिहून दिले होते. शेवटी त्याने एक महिन्याचा पगार भरला. शिवाय नवा पगार ठरला तो जुन्या आकड्यावर, म्हणजे बढतीचा लाभही गेला. गप्प राहून त्याचे दोन्हीकडून नुकसान झाले.

म्हणून वडिलांना आम्ही सांगितले की, दादा, सांगावे तर लागेल, आणि ऑफर लेटर येण्याआधीच सांगावे लागेल. एकदा पगार आणि तारीख कागदावर आली की मग सांगणे म्हणजे ठरलेला सौदा मोडल्यासारखे होते. तेच आधी सांगितले तर ती नुसती माहिती असते.

मग मैत्रिणीच्या सल्ल्याकडे वळलो. सहा लाख मागण्यात काय चूक? चूक मागण्यात नाही, पद्धतीत आहे. ते समजण्यासाठी कन्सल्टन्सीचे पोट कशावर चालते ते पाहिले पाहिजे. तिची फी कंपनी देते, उमेदवाराने एक पैसाही द्यायचा नसतो. पुष्कळ ठिकाणी ही फी वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार इतकी असते. आणि ती मिळते उमेदवार रुजू झाल्यावर. तो काही महिन्यांच्या आत सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट शोधून देण्याची अटही असते. त्यामुळे कन्सल्टन्सीच्या माणसाला सर्वांत मोठी भीती असते ती हीच की, हा उमेदवार ऑफर लेटर घेईल, ते आपल्या साहेबांना दाखवील, तिकडे पगार वाढवून घेईल आणि रुजू होणारच नाही.

अशा माणसाला तुम्ही "मला बढती मिळाली" एवढेच सांगितले, तर त्याच्या कानावर पडते, "मी आता येत नाही." आणि "बढती मिळाली, सहा लाख द्या" असे सांगितले, तर त्याला वाटते की ही तर बोली लावते आहे. दोन्ही वेळा तो दुसऱ्या उमेदवाराची फाईल वर काढतो. म्हणून बढतीच्या बातमीबरोबर आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. बढती मिळूनही ही नोकरी मला का हवी आहे?

आम्ही मुलीला हाच प्रश्न विचारला. ती पटकन म्हणाली, "काका, पगारासाठी." आम्ही म्हटले, पगार तर आता येथेही वाढला, मग? ती थोडा वेळ गप्प बसली. मग सावकाश बोलू लागली. सध्याच्या ठिकाणी साडेतीन वर्षे गाड्यांच्या भाड्याची बिले तपासणे आणि नोंदी करणे एवढेच काम आहे. बढतीनंतरही काम तेच, फक्त हाताखाली दोन मुले. जी. एस. टी.ची विवरणे बाहेरचे सी. ए. भरतात, महिनाअखेरचा ताळेबंद मुख्य कार्यालयात होतो. ठाण्याच्या कंपनीत ही दोन्ही कामे आणि लेखापरीक्षकांसमोर बसण्याचे कामही तिच्याकडे येणार होते. "ते काम शिकले नाही तर चाळिसाव्या वर्षीही मी बिलेच तपासत असेन," असे ती म्हणाली.

आम्ही म्हटले, हेच तुझे कारण. हे शुक्रवारच्या आधीही खरे होते आणि शुक्रवारनंतरही खरे आहे. बढतीने जे कारण पुसले जात नाही, तेच सांगायचे. तिला असे कारण सापडलेच नसते, तर आम्ही तिला निराळा सल्ला दिला असता. पगार आणि हुद्दा एवढ्यासाठीच बाहेर जायचे होते आणि ते दोन्ही घरबसल्या मिळाले, तर अर्ज मागे घेतो असे सरळ कळवावे. त्यात कमीपणा नाही, आणि तीच कन्सल्टन्सी पुढे पुन्हा उपयोगी पडते.

आता सांगायचे कसे? सोमवारी दुपारच्या सुट्टीत तिने ऑफिसच्या बाहेर येऊन कन्सल्टन्सीच्या बाईंना फोन केला. फोनवर दोनच मिनिटे बोलायचे ठरले होते. बातमी सांगायची, मुलाखतीला येते आहे हे त्याच श्वासात सांगायचे, आणि सविस्तर मेल पाठविते म्हणायचे. मेल तिने संध्याकाळी घरून, आपल्या खासगी पत्त्यावरून पाठविली. ऑफिसच्या संगणकावरून असली मेल कधीही पाठवू नये. मेल इंग्रजीत होती, तिचा मराठी मजकूर असा होता:

"आपण माझे नाव ज्या जागेसाठी पाठविले आहे, त्या अर्जातील माहितीत झालेला बदल कळविते. सध्याच्या कंपनीने मला पुढील महिन्याच्या १ तारखेपासून सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदावर बढती दिली आहे. माझा खात्रीचा वार्षिक पगार ४,३२,००० रुपये झाला असून त्याशिवाय २४,००० रुपये उद्दिष्टावर अवलंबून आहेत. नोटीस पिरियड ३० ऐवजी ६० दिवसांचा झाला आहे. या जागेत मला पूर्वीइतकाच रस आहे, कारण जी. एस. टी., महिनाअखेरचा ताळेबंद आणि लेखापरीक्षण ही कामे माझ्या नव्या पदातही नाहीत. बदललेला पगार पाहता माझी अपेक्षा आता ५,२५,००० रुपये खात्रीचे अशी आहे. ही माहिती कंपनीला गुरुवारच्या मुलाखतीपूर्वी कळवावी ही विनंती. मुलाखतीस मी ठरल्या वेळी हजर राहीन."

एवढेच. साहेबांनी काय कौतुक केले, कंपनी मला सोडायला कशी तयार नाही, हे काही नाही. बढतीच्या पत्राची प्रतही जोडली नाही. ती ऑफरच्या वेळी मागतील तेव्हा द्यावी. मात्र ती तेव्हा लागतेच, कारण मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपांवर जुनाच पगार दिसतो आणि नव्या आकड्याला पुरावा पत्राचाच असतो.

पाच लाख पंचवीस हजार हा आकडा कसा आला, तेही सांगतो. आधी तिने पाच लाख मागितले होते. जुन्या पगारावर ती सुमारे ३० टक्के वाढ होती. तोच ३० टक्क्यांचा हिशेब नव्या पगारावर केला, तर साडेपाच लाखांच्या वर जातो. पण कन्सल्टन्सीच्या बाईंनी पहिल्याच फोनवर या जागेसाठी कंपनीची मर्यादा ५,४०,००० असल्याचे सांगितले होते. मर्यादेच्या बाहेरचे मागून उपयोग नव्हता, आणि जुनाच आकडा धरून बसणेही बरोबर नव्हते. अपेक्षा एकदाच बदलावी, बातमीबरोबरच बदलावी, आणि नंतर तिच्यावर ठाम राहावे. आधी बातमी द्यायची आणि आठवड्याने वाढीव आकडा सांगायचा, असे केले की समोरच्याला आपण खेळवले गेल्यासारखे वाटते.

मंगळवारी बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "पगाराचं मी सांगते, पण साठ दिवसांचं आत्ता बोलू नका. आधी निवड होऊ दे, मग बघू." वाचकहो, येथे सावध राहावे. बाईंचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. निवड मोडू नये एवढेच त्यांना पाहायचे होते. पण ३० दिवसांच्या भरवशावर ऑफर निघाली तर अडकणार ती मुलगी, बाई नव्हेत. आम्ही तिला सांगितले की वाद घालू नकोस, पण गुरुवारी अवधी विचारला तर ६० च सांग. आणि कोणी विचारलेच नाही, तर निघताना आपण होऊन सांग.

गुरुवारी लेखा प्रमुखांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हाला तर तिकडे आताच प्रमोशन मिळाले आहे. मग येथे कशाला येता? आमचे लेटर दाखवून तिकडे पगार वाढवून घेणार नाही कशावरून?" तिने जे कारण मेलमध्ये लिहिले होते तेच तोंडी सांगितले, आणि पुढे म्हणाली, "साहेब, वाढवून घ्यायचा होता तो पगार त्यांनी न मागता वाढवला आहे. काम मात्र तेच आहे." मग अवधीचा प्रश्न आला. साठ दिवस ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पंचेचाळीस दिवसांत येता का, असे विचारले. मुलगी म्हणाली, "लवकर सोडण्याची विनंती करीन, पण वचन साठ दिवसांचेच देऊ शकते."

त्यानंतर सहा दिवस काहीच कळले नाही. वडील रोज संध्याकाळी आमच्याकडे बघत, जणू आम्हीच घास घालविला. पाच कामाचे दिवस गेल्यावर तिने दोन ओळींचा व्हॉट्सॲप संदेश पाठवून निर्णयाची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी कळले की लेखा प्रमुख वरच्यांकडून ६० दिवसांची परवानगी घेत होते. ऑफर आली ती ५,१०,००० रुपयांची, सर्व खात्रीचे, रुजू होण्याची तारीख ६० दिवसांनंतरची. तिच्या अपेक्षेपेक्षा १५,००० कमी, पण खात्रीच्या नव्या पगारावर सुमारे १८ टक्के जास्त. तिने ती स्वीकारली, आणि सही केलेली ऑफर हातात आल्यावरच राजीनामा दिला.

प्रत्येकाचे असेच होईल असे आम्ही सांगणार नाही. एखाद्या कंपनीला माणूस महिन्याभरातच हवा असतो, आणि ६० दिवस ऐकून ती दुसऱ्याला घेते. ते ऑफरच्या आधी कळले तर आपल्या हातात बढती शिल्लक राहते. राजीनामा दिल्यावर कळले तर हातात काहीच राहत नाही.

दोन प्रसंग थोडे निराळे आहेत. साहेबांनी बढती नुसती तोंडी सांगितली असेल आणि पत्र आले नसेल, तर आकडे सांगू नयेत. ऑफर अगदी दारात असेल तरच "तोंडी कळविले आहे, पत्र आल्यावर तपशील देते" एवढे लिहावे. आणि नुसता हुद्दा बदलला, पगार तोच राहिला, तर तसेच लिहावे. पण त्या पत्रातही नोटीस पिरियडची ओळ शोधून वाचल्याशिवाय राहू नये.

मुलगी राजीनामा देऊन आली त्या संध्याकाळी वडील आमच्याकडे आले. म्हणाले, "दादा, आमच्या वेळी साहेबापुढं तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून पोरीलाही तेच शिकवत होतो." आम्ही काही बोललो नाही. मुलीने आणलेला चहा दोघांनी घेतला, आणि धाकट्याच्या फीचे काय करायचे याचा विषय निघाला.